तीच बिलं, दोन भांडणं

ऑगस्ट २०२२. नाशिकच्या माझ्या कार्यालयात आबा समोर बसले होते आणि हातातली टोपी गुडघ्यावर आपटत होते. "दीड वर्षापूर्वी तुम्हीच म्हणालात, भरू नका, लढा. आता म्हणता, लढू नका, भरा. वकीलसाहेब, बिलं तर तीच आहेत ना?"

बिलं तीच होती. चौदा बिलं, २००९-१० सालची, मुंबईच्या दोन व्यापाऱ्यांच्या नावाची. लोखंडी अँगल, पट्टी आणि चॅनल, सुमारे दोनशे टन, एकूण खरेदी ६४ लाख रुपये, शिवाय त्यावर चार टक्के व्हॅट. या चौदा बिलांवरून आबांच्या भागीदारी पेढीवर दोन खात्यांनी दोन स्वतंत्र भांडणं लावली होती. प्राप्तिकराचं भांडण आम्ही 'विवाद से विश्वास'मध्ये मिटवू शकलो असतो, पण ते आम्ही लढवलं. विक्रीकराचं भांडण मी आता अभय योजनेत मिटवायला सांगत होतो. आबांचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर देताना माझं मलाच नीट उमगलं की मी हे निर्णय नेमके कशावर घेतो.

हे प्रकरण मुळात कसं सुरू झालं ते सांगतो. त्या काळात राज्याच्या विक्रीकर खात्याने संशयास्पद व्यापाऱ्यांची यादी आपल्या संकेतस्थळावर टाकली होती. बाजारात तिला सरळ 'हवाला यादी' म्हणत. यादीतल्या अनेकांनी खात्यापुढे लेखी कबुली दिली होती, की आम्ही माल कधी विकलाच नाही, कमिशन घेऊन नुसती बिलं फाडली. आबांचे दोन्ही व्यापारी त्या यादीत निघाले. विक्रीकर खात्याने त्या बिलांवरची व्हॅटची वजावट, म्हणजे सेट-ऑफ, नाकारली. ही माहिती पुढे प्राप्तिकर खात्याकडे गेली आणि त्यांनी जुनं असेसमेंट पुन्हा उघडलं.

आबा मला पहिल्यांदा भेटले तेव्हा संतापाने थरथरत होते. "माल आला, विकला, चेकने पैसे दिले. लोखंड काय हवेतून पडलं?" त्यांच्या डोक्यात तेव्हा रक्कम नव्हतीच, 'हवाला' हा शब्द होता. २०१९ मध्ये राज्याची अभय योजना आली, तेव्हा ते तिचं नावही ऐकायला तयार नव्हते. "भरलं म्हणजे चोरी कबूल केली." मीही फार आग्रह धरला नाही. खरं सांगायचं तर अपील चालू राहिलं की वकिलाची फीही चालू राहते, आणि हा हितसंबंध डोळ्याआड करून सल्ला देता येतो असं मला वाटत नाही. म्हणून तेव्हापासून एक पथ्य पाळतो. लढायचा सल्ला द्यायचा असेल तर माझी फी खर्चाच्या रकान्यात आधी लिहायची आणि मगच गणित मांडायचं.

प्राप्तिकराचं गणित असं होतं. अधिकाऱ्याने २०१५ मध्ये सगळे ६४ लाख उत्पन्नात मिळवले. पेढीला त्या वर्षी उपकरासह ३०.९ टक्के कर होता, म्हणजे १९,७७,६०० रुपये नुसता कर, व्याज वेगळं. पहिल्या अपिलात आयुक्तांनी ही वाढ खरेदीच्या साडेबारा टक्क्यांवर आणली. विक्री मान्य आहे, मग माल कुठून तरी आलाच असणार. तेव्हा सगळी खरेदी खोटी धरता येत नाही, फक्त तिच्यात दडलेला नफा धरावा, असा त्यामागचा विचार. साडेबारा टक्के म्हणजे आठ लाख आणि त्यावरचा कर २,४७,२०० रुपये. उरलेल्या आठ लाखांविरुद्ध आम्ही पुण्याच्या ट्रिब्युनलमध्ये गेलो. खात्याने मात्र अपील केलं नाही.

मग २०२० मध्ये 'विवाद से विश्वास' आली. करदात्याचं अपील प्रलंबित असेल तर वादातला कर पूर्ण भरायचा, व्याज आणि दंड माफ. आबांना भरावे लागले असते २,४७,२००. गंमत अशी की वसुलीला स्थगिती मिळवण्यासाठी त्यांनी आधीच तीन लाख भरले होते. योजनेत गेलो तर खिशातून काही काढायचं नव्हतंच, उलट बावन्न हजार परत मिळाले असते, अर्थात बिनव्याजी. त्यामुळे योजना फुकट असल्यासारखी वाटत होती. हा मोठा चकवा आहे. आधी भरलेले पैसे गेलेले नसतात, ते खात्याकडे ठेव म्हणून पडलेले असतात. अपील जिंकलं तर ते व्याजासह परत येतात. म्हणून मी आबांना म्हटलं, ते तीन लाख घडीभर विसरा. आज खिसा रिकामा आहे असं समजा आणि सांगा, अडीच लाख मोजून हे मिटवायचं का?

हरलो तर किती जाईल ते आधी मांडलं. कर २,४७,२००, त्यावर साधारण दीड लाख व्याज, माझी फी आणि पुण्याच्या फेऱ्या मिळून पंचेचाळीस हजार. एकूण सुमारे ४ लाख ४० हजार. दंडाची भीती होती, पण अंदाजाने केलेल्या वाढीवरचा दंड सहसा टिकत नाही, म्हणून तो मी बाजूला ठेवला. इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की नुकसान याहून वाढणार नव्हतं. खात्याचं अपील नव्हतं, उलट-हरकतीची मुदत टळून गेली होती, आणि करदात्याच्या अपिलात ट्रिब्युनलला वाढ करता येत नाही. आठ लाखांचे पुन्हा चौसष्ट होण्याची वाट बंद होती. खात्याचंही अपील असतं तर मी लढा म्हणालो नसतो.

जिंकलो तर काय? त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१९चा मोहम्मद हाजी आदम प्रकरणातला निकाल हाताशी होता. एका कापड व्यापाऱ्याचं प्रकरण. न्यायालयाने म्हटलं की विक्रीवर शंका नसेल तर सगळी खरेदी उडवता येणार नाही. खऱ्या खरेदीवर जो ढोबळ नफा सुटतो, तोच दर संशयित खरेदीला लावा आणि फरक तेवढा उत्पन्नात धरा. पुण्याच्या ट्रिब्युनलला हा निकाल बंधनकारक. आबांच्या खऱ्या खरेदीच्या मालावर विक्रीच्या सात टक्के नफा होता. वादातला ६४ लाखांचा माल ६७ लाख २० हजारांना विकला गेला, म्हणजे नफा ३ लाख २० हजार. एका मोठ्या गिऱ्हाइकाला घाईत माल द्यायचा होता, म्हणून भाव तोडून दिला होता. सात टक्क्यांनी नफा ४,७०,४०० व्हायला हवा. फरक १,५०,४०० आणि त्यावरचा कर सुमारे साडेसेहेचाळीस हजार. व्याज आणि माझी फी धरून एकूण एक लाख वीस हजार.

एका बाजूला एक लाख वीस हजार, दुसऱ्या बाजूला चार लाख चाळीस हजार, आणि मध्ये योजनेचे दोन लाख सत्तेचाळीस हजार. कागदावर हिशोब केला तर दहापैकी सहा वेळा जिंकण्याची खात्री असेल तर लढणं आणि भरणं सारखंच पडतं. खात्री सहाच्या खाली असेल तर भरावं, वर असेल तर लढावं. माझी खात्री तेव्हा पाचाच्या आसपास होती. निकाल बाजूने होता, पण तो लागू व्हायला एक पूर्वअट होती. आलेला माल आणि विकलेला माल यांचा वजनाने ताळमेळ दाखवायला हवा होता. आबांची हिशोबाची पुस्तकं रुपयांची होती, त्यांत टन कुठेच नव्हते.

म्हणून मी त्यांना जवळजवळ सांगूनच टाकलं होतं, की भरून टाका. त्या संध्याकाळी कार्यालयातून उठताना आबा दारात थांबले आणि खाली बघत म्हणाले, "एक सांगू का? माल दलालामार्फत आला होता. तो म्हणाला, बिल त्या नावाने येईल. मी विचारलं नाही."

मी त्यांना परत बसवलं. पाच वर्षं आम्ही 'खरेदी खरी, व्यापारीही खरे' हा मुद्दा रेटत आलो होतो. तो खोटा होता, निदान अर्धा. माल खरा होता, बिल दुसऱ्याचं होतं. पण मजा बघा, हाजी आदमचा निकाल नेमका अशाच माणसाला हात देतो. व्यापारी खरे होते हे सिद्ध करण्याची गरज त्यात नाही, माल आला आणि विकला गेला एवढं दाखवावं लागतं. आबांच्या कबुलीने बाजू कमकुवत होण्याऐवजी एका जागी स्थिर झाली. जे खरं होतं तेच आता मांडायचं होतं. मी विचारलं, दलालाचा माल गोदामात उतरला तेव्हा वजन झालं होतं का? "वजन केल्याशिवाय मी टेम्पोवाल्याला भाडं देत नाही," आबा म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांच्या मुलाने एक प्लास्टिकची गोणी आणून टेबलावर ओतली. गोदामाच्या दाराशी भिंतीवर एक तार होती. प्रत्येक टेम्पोची काटापावती तीत टोचून ठेवायची आणि वर्षाअखेर गठ्ठा बांधून माळ्यावर टाकायचा, अशी गोदामातल्या जुन्या मुनीमजींची रीत. प्रत्येक पावतीला मधोमध भोक, भोकाभोवती गंजाचं तपकिरी वर्तुळ, आणि शाई इतकी उडालेली की खिडकीशी धरूनच वाचता यावी. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, तारीख, गाडी नंबर. सोबत मुनीमजींची जाड मालवही, तिच्यात आवक आणि जावक किलोमध्ये. मुलगा आणि माझा सहायक दोघांनी आठवडाभर बसून चौदा बिलं पावत्यांना लावली. बारा बिलांचं वजन थोड्याफार किलोंच्या फरकाने जुळलं. दोन बिलं, चार लाखांची, जुळलीच नाहीत. ना काटापावती, ना वहीत नोंद. त्या दोन बिलांबद्दल आबांनीही काही स्पष्टीकरण दिलं नाही आणि मी मागितलं नाही.

बारा बिलं जुळल्यावर माझी खात्री दहापैकी पाचावरून साडेसातवर गेली. त्या खात्रीने लढण्याची सरासरी किंमत दोन लाख, योजनेची अडीच. फरक फार मोठा नव्हता. पण आता तो आपल्या बाजूला होता, आणि नुकसानीला कुंपण होतं. मार्च २०२१ ची मुदत आम्ही जाऊ दिली.

ट्रिब्युनलमध्ये ती दोन न जुळणारी बिलं मी स्वतःहून वेगळी काढून दिली. त्यांच्यावर साडेबारा टक्के आम्हाला मान्य आहेत, असं सांगितलं. बाकी साठ लाखांवर नफ्यातल्या फरकाचं सूत्र मागितलं. निकाल तसाच आला. वाढ १,९१,००० रुपये, त्यावर कर सुमारे ५९ हजार. व्याज, फी, सगळं धरून आबांना एक लाख चाळीस हजारांच्या आसपास पडले. योजनेपेक्षा लाखभर रुपये वाचले. विजय म्हणावा तर एवढाच.

या विजयाची नशा घेऊनच आबा ऑगस्ट २०२२ मध्ये आले होते. राज्याची नवी अभय योजना १ एप्रिलला सुरू झाली होती आणि ३० सप्टेंबरला पैसे भरण्याची मुदत संपत होती. व्हॅटचं अपील मुंबईच्या विक्रीकर न्यायाधिकरणात पडून होतं. त्याच पावत्या, तीच मालवही तिथेही दाखवावी, असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांना समजावलं की दोन कायदे दोन वेगळे प्रश्न विचारतात. प्राप्तिकर विचारतो, तुम्ही कमावलं किती? त्याला काटापावती उत्तर देऊ शकते. व्हॅट विचारतो, तुम्ही व्यापाऱ्याला दिलेला कर सरकारी तिजोरीत पोचला का? त्याला काटापावतीचं उत्तर चालत नाही. महाराष्ट्र मूल्यवर्धित कर कायद्याच्या कलम ४८(५) मध्ये लिहिलं आहे, की त्या मालावर तिजोरीत प्रत्यक्ष जेवढा कर भरला गेला, त्याहून जास्त सेट-ऑफ मिळणार नाही. हे कलम अन्यायकारक आहे, प्रामाणिक खरेदीदाराला विक्रेत्याच्या लबाडीची शिक्षा देतं, हा युक्तिवाद महालक्ष्मी कॉटन प्रकरणात झाला आणि मे २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळून कलम वैध ठरवलं. तिथे एक खिडकी उघडी राहिली होती, की खात्याने लबाड विक्रेत्याकडून कर वसूल केला तर खरेदीदाराला तेवढा सेट-ऑफ मिळावा. पण ज्याचं दुकानच कधी नव्हतं त्याच्याकडून कोण काय वसूल करणार? "आणि आबा," मी म्हटलं, "तुमची तर प्रामाणिक खरेदीदाराचीही बाजू पूर्ण नाही. ते तुम्हाला माहीत आहे, मलाही." ते काही बोलले नाहीत.

मग आकडे मांडले. नाकारलेला सेट-ऑफ २,५६,०००. चार वर्षांचं व्याज १,५३,६००. दंड करा इतकाच, २,५६,०००. एकूण ६,६५,६००, त्यातले ६५,६०० अपिलांच्या स्थगितीसाठी भरलेले. बाकी राहिले सहा लाख. नव्या योजनेत वादातल्या कराचे पन्नास टक्के, व्याजाचे पंधरा आणि दंडाचे पाच टक्के भरायचे होते. पण एका आदेशाची थकबाकी दहा लाखांच्या आत असेल तर आणखी सोपा मार्ग होता. सरसकट वीस टक्के भरा आणि मोकळे व्हा. आबांसाठी एक लाख वीस हजार.

"आता उलटं बघू," मी म्हटलं. न्यायाधिकरणात आपलं सगळ्यात चांगलं काय होऊ शकतं? सेट-ऑफ मिळणं जवळपास अशक्य, दंड मात्र उतरू शकतो. समजा दंड पूर्ण उडाला. तरीही कर आणि व्याजाचे, भरलेले वजा जाता, ३,४४,००० उरतात. म्हणजे आपण 'जिंकूनही' योजनेच्या जवळजवळ तिप्पट भरणार. इथे लढायचं तर पूर्ण विजयाची दहापैकी आठ खात्री हवी. माझी एकही नव्हती.

"मग २०१९ मध्ये का नाही सांगितलंत?" आबांनी विचारलं. मी कबूल केलं की तेव्हाच हे सांगायला हवं होतं. थांबलो आणि पुढची योजना जास्त स्वस्त निघाली, हे आमचं नशीब, माझं शहाणपण नव्हे. त्या तीन वर्षांत बँक खातं गोठवण्याची नोटीस येऊ शकली असती, आणि मालाच्या व्यापाऱ्याचं खातं आठवडाभर गोठलं तरी एक लाख वीस हजारांहून जास्त नुकसान होतं. थांबण्याचा जुगार दोन्हीकडे सारखा फळतही नाही. राज्याने २०२३ च्या योजनेत वीस टक्क्यांची मर्यादा दहावरून पन्नास लाखांवर नेली. तिथे थांबलेल्यांचं भलं झालं. केंद्राने मात्र २०२४ मध्ये 'विवाद से विश्वास' पुन्हा आणली तेव्हा जुन्या अपिलांना कराचे शंभरऐवजी ११० टक्के लावले.

आबा तयार झाले. कबुलीची बोच होतीच, पण एकदा खरं बोलून झाल्यावर ती बरीच कमी झाली असावी. अपील बिनशर्त मागे घेतलं आणि अर्ज भरायला बसलो तर खात्याच्या नोंदीत थकबाकी दिसेना सहा लाख, दिसे ६,२५,६००. स्थगितीसाठी भरलेलं एक २५,६०० चं चलन त्यांच्या खात्यात चढलंच नव्हतं. जुन्या भरण्यांत हे फार वेळा होतं. म्हणून मी अशा अर्जात पहिल्या दिवशीच खात्याचा उतारा मागवतो, शेवटच्या आठवड्यात नव्हे. या वेळी मात्र मलाच उशीर झाला होता. चलनाची प्रत आमच्याकडे होती, पण नोंद दुरुस्त होईपर्यंत मुदत टळली असती. फरक पडत होता ५,१२० रुपयांचा. मी विचार करत होतो की प्रत जोडून एक लाख वीसच भरावेत का.

"पाच हजारांसाठी अर्ज अडकवू नका," आबा म्हणाले. "त्यांचा आकडा धरा." १,२५,१२० भरले. काही महिन्यांनी तडजोडीचा आदेश आला.

आज तेच प्राप्तिकराचं प्रकरण नव्याने माझ्यापुढे आलं तर मी तितक्या खात्रीने लढा म्हणेन का, हे सांगता येत नाही. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात, जिथे करदात्याने खरेदी सिद्धच केली नव्हती, सगळीच्या सगळी खरेदी उत्पन्नात धरणं योग्य ठरवलं. साडेसातचा आकडा आता मी खाली आणीन. किती खाली, ते गोणीत काय निघतं यावर.

ती गोणी आबांच्या मुलाने परत नेली. दुकानाचा हिशोब आता संगणकावर आहे. तरी मागच्या वेळी गोदामात गेलो तेव्हा दाराशी भिंतीवर नवी तार दिसली आणि तीत टोचलेल्या पावत्या. सगळ्यात वरची त्याच सकाळची होती.